माउली, पावती तिकडे मिळेल

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात स्वामी विवेकानंदांची जयंती तिथीने, म्हणजे पौष वद्य सप्तमीला साजरी होते. शुकदास महाराजांनी उभारलेल्या या आश्रमातला महाप्रसाद कुठल्या मंडपात मावणारा नाही. उघड्या शेतात लांबच लांब ओळी बसतात, ओळींच्या मधून पुरी आणि वांग्याच्या भाजीने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर फिरतात आणि लाखाच्या वर माणसं जेवून उठतात. अशा पंगतीत ट्रॉलीबरोबर चालणारा वाढपी चार पावलं मागे राहिला, की त्याच्या वाट्याची दहा-पंधरा पानं कोरडी राहतात. जेवायला बसलेला माणूस पानावरून उठून वाढप्याला शोधायला जात नाही. तो वाट बघतो, शेजाऱ्याच्या पानाकडे बघतो आणि घरी गेल्यावर बोलतो.

मेहकरमधले एक शिक्षक हे गणित फार वर्षांपासून ओळखून आहेत. तरुण पोरं त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. सरांभोवती गावातल्या लोकांचा एक गट जमला आहे. त्यात कॉलेजातली मुलं आहेत, दोन-तीन किराणा दुकानदार आहेत, एक एसटीचे निवृत्त वाहक आहेत आणि बचतगटातल्या काही बायका आहेत. ज्या उत्सवाला हात हवे असतील तिथे हा गट जातो. मार्गशीर्षात शारंगधर बालाजीचा उत्सव असतो. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती बघायला लांबून माणसं येतात. पावसाळ्यात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, सुलतानपूर करत मेहकरात मुक्कामाला येते आणि पुढे जानेफळकडे निघते. शिवाय गावोगावचे सप्ताह आणि भंडारे असतातच.

या गटाची एक पानी आचारसंहिता आहे. ती पहिल्यापासून अशी नव्हती. आधीचा कागद कुठल्याशा जुन्या पत्रकावरून उतरवलेला होता आणि त्यातलं प्रत्येक वाक्य ‘करावे’ नाही तर ‘करू नये’ या थाटात संपायचं. सौजन्याने वागावे, शिस्त पाळावी, भेटवस्तू स्वीकारू नयेत, भ्रमणध्वनीचा वापर टाळावा. पोरं सही करून कागद खिशात घालायची आणि संध्याकाळपर्यंत त्यावर भाजीचे डाग पडायचे. तालुक्यातल्या एका भंडाऱ्यात रांगेवरून जुंपली, तेव्हा भांडणाऱ्या दोन्ही स्वयंसेवकांच्या खिशात तो सही केलेला कागद होता. त्यानंतर सरांनी नवा कागद लिहायला घेतला आणि एकच अट घातली. ‘करू नये’ असं जिथे लिहाल, तिथे ‘मग काय करायचं’ हेही लिहायचं. भेट घ्यायची नाही, तर ती जाईल कुठे? फोन वापरायचा नाही, तर तो ठेवायचा कुठे? तक्रार आपण सोडवायची नाही, तर ती सांगायची कोणाला? उत्तर सापडेना तो नियम त्यांनी कागदावर येऊच दिला नाही.

सौजन्याचा भाग त्यामुळे सगळ्यात छोटा झाला. ‘नम्रपणे बोला’ हे वाक्य गेलं आणि त्याच्या जागी हातांचे नियम आले. कोणाचं मनगट, दंड, पाठ धरायची नाही. दिशा दाखवताना पूर्ण हात लांब करायचा, बोट रोखायचं नाही. बायकांच्या रांगेत बाईच उभी राहील. माणूस थांबवायचा असेल तर एका दमात तीन गोष्टी सांगायच्या: थांबा, कशासाठी, अंदाजे किती वेळ. नुसतं ‘चला, चला, पुढे चला’ ओरडायला बंदी आहे, कारण पुढच्याला जागा नसताना मागून हाकारलं की ढकलाढकली सुरू होते आणि ती सुरू करणारा स्वयंसेवकच असतो. पंगतीत ‘संपलं’ म्हणायचं नाही, आणि ‘येतंय’ तेव्हाच म्हणायचं जेव्हा ते खरंच येत असेल. आग्रह एकदाच करायचा. लहान पोराला वाढताना त्याच्या आईला विचारायचं, कारण पानात टाकलेलं अन्न शेवटी तिला संपवावं लागतं.

हाक कशी मारायची, हे शेगावकडून उचललं. गजानन महाराज संस्थानात आसपासच्या गावांतून पाळीपाळीने सेवाधारी येतात. पांढऱ्या कपड्यातला तो माणूस घरी शेतकरी असो की नोकरदार, तिथे विनामोबदला राबतो आणि समोरच्याला ‘माउली’ म्हणतो. मेहकरच्या पोरांना सुरुवातीला हे जड गेलं. ओळखीच्या माणसाला माउली कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. निवृत्त वाहकांनी तो सोडवला. त्यांच्या मते हाकेचा फायदा मारणाऱ्यालाच जास्त असतो. ‘माउली’ म्हणून सुरू केलेलं वाक्य शिवीवर संपवणं अवघड जातं.

भेटींचा प्रश्न मात्र हाकेने सुटण्यातला नव्हता.

पालखीच्या मुक्कामात एका म्हाताऱ्या बाईंनी पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या हातात दहाची नोट कोंबली. त्याने हात मागे घेतला. बाई म्हणाल्या, “घे ना लेका, चहाले होतात.” तो पुन्हा नाही म्हणाला. बाईंचा चेहरा उतरला. “गरिबाचे पैसे नाही चालत का तुमाले?” मुलगा गप्प झाला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता आणि तरी समोरच्या माणसाचा अपमान झाला होता. त्या रात्री कागदात एक वाक्य वाढलं. पैसे पुढे आले की आधी हात जोडायचे आणि म्हणायचं, “आजी, माझ्यापर्यंत पोचलं. आता एवढं पेटीत टाका, चला, मी दाखवतो.” आणि खरोखर पेटीपर्यंत किंवा देणगीच्या टेबलापर्यंत सोबत जायचं. तिथे पावती मिळते. स्वयंसेवकाच्या खिशात पावतीपुस्तक नसतं आणि असूही नये. वर्गणीचे पैसे हा हिशेबाचा मामला आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला देणग्या गोळा करायच्या असतील, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. ‘मी नंतर भरतो’ म्हणून एखाद्या पोराने खिशात ठेवलेली नोट त्या हिशेबात कुठेच बसत नाही, पोरगा कितीही प्रामाणिक असला तरी.

खायच्या वस्तूंना दुसरी वाट आहे. कोणी संत्र्यांची पाटी आणतं, कोणी केळ्यांचा घड, कोणी दुधाची कॅन. हे परत पाठवायचं नाही. ते कोठीत जातं, वहीत देणाऱ्याचं नाव, गाव आणि काय दिलं ते चढतं आणि मग सगळ्यांना मिळतं. दाराशी उभ्या असलेल्या चौघांनी ते वाटून घेणं मात्र चालत नाही. शाल-नारळाचंही तसंच. सत्कार करायचाच असेल तर गटाचा एकत्र, शेवटच्या दिवशी, भांडी घासणाऱ्यांना पुढे उभं करून. फुकट मिळणाऱ्या टी-शर्ट आणि टोप्यांवरून एकदा बरीच घासाघीस झाली. त्यावर देणाऱ्याचं नाव आणि फोटो असतो आणि निवडणुकीच्या वर्षात तर असतोच. शेवटी गटाने साधे कापडी बिल्ले शिवून घेतले.

भाविकाने दिलेल्या नोटेपेक्षा सर ज्या भेटीला जास्त घाबरतात, ती स्वयंसेवक स्वतःच दुसऱ्याला देतो. बाजूच्या दाराने मेव्हण्याला सोडणं. साहेबांच्या कुटुंबाला रांगेच्या डोक्याशी उभं करणं. यात पैसा कुठेच नसतो, म्हणून देणाऱ्याला ती लाच वाटत नाही. पण रांगेत दीड तास उभा असलेला माणूस बाजूचं दार उघडताना बघतो आणि पुढचा तासभर तो कोणत्याही सूचनेला जुमानत नाही. कागदावर यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, बाजूच्या दाराने कोण जाईल हे आधीच दारावर लिहून लावायचं: गरोदर बाई, तान्हं मूल घेतलेली आई, चालता न येणारे, अगदी म्हातारे. ज्याला हक्कानेच जाता येतं त्याला शिफारस लागत नाही आणि ज्याला जाता येत नाही त्याला पाटी दाखवता येते. दुसरी, स्वयंसेवकांच्या घरच्यांसाठी उत्सव सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी दर्शनाची वेळ आयोजकांकडून मागून घ्यायची. ही सोय झाली आणि मेव्हण्यांचा ओघ आपोआप आटला.

वाटपाचा एक नियम या भागात ठळक अक्षरात आहे. चालत्या गर्दीत काहीही वाटायचं नाही, फेकायचं तर नाहीच. बिस्किटाचा पुडा नाही, प्रसादाची पुडी नाही, लेकरांना चॉकलेटसुद्धा नाही. नवी पोरं विचारतात, यात एवढं काय? तेव्हा सर नाशिकचं उदाहरण सांगतात. 27 ऑगस्ट 2003 रोजी कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली. एका साधूने उधळलेली नाणी उचलायला लोक वाकले आणि मागचा लोंढा त्यांच्यावर आला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. वाकलेला माणूस गर्दीला दिसत नाही. म्हणून वस्तू देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी वाटप होतं ते बसलेल्या पंगतीत किंवा रांग संपते तिथे, टेबलावरून.

फोनबद्दल पहिला कागद काय म्हणायचा ते वर आलंच आहे. ‘टाळावा’ हा शब्द पाळणं अशक्य असतं, कारण प्रत्येकाच्या मते त्याचा फोन महत्त्वाचाच असतो. आता पाळी सुरू होताना फोन एका टेबलावर जमा होतात. कापडी पिशवी, पिशवीला नंबर, तोच नंबर बिल्ल्याच्या मागे. टेबलावर बसणारे वाहककाका हिशेबाला पक्के आहेत. नोकरी तिकिटांचा ताळा लावण्यात गेलेल्या माणसाला पिशव्यांचा ताळा लावणं काहीच नाही. दर आठ-दहा जणांमागे एकाकडेच, म्हणजे गटप्रमुखाकडे, फोन राहतो आणि तो नंबर प्रत्येकाने घरी देऊन यायचा असतो. “मायची तब्येत बरी नाही, फोन लागला पाहिजे” असं म्हणणाऱ्या मुलीला यामुळे नाही म्हणावं लागत नाही. तिच्या घरचा फोन गटप्रमुखाकडे येतो आणि प्रमुख तिला सोडवायला दुसरी मुलगी पाठवतो.

फोन काढून घेतल्यावर त्याची इतर कामं उघडी पडली. पोरं त्याचा विजेरी म्हणून उपयोग करायची, म्हणून खऱ्या बॅटऱ्या घ्याव्या लागल्या. वेळ बघायला दोन मोठी घड्याळं टांगावी लागली. निरोपासाठी पायी धावणारी दोन पोरं ठेवली, आणि हे सगळ्यात उपयोगी ठरलं. कारण गर्दी चढली की नेटवर्क बसतं आणि नेमक्या गरजेच्या वेळी गटप्रमुखाचा फोनही मुका होतो.

फोटोचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. जेवणारी माणसं, पाय चेपून घेणारे वारकरी, स्नानाहून परतणाऱ्या बायका यांचे फोटो स्वयंसेवकाने काढायचे नाहीत, कारण बिल्ला असलेल्या माणसाला कोणी हटकत नाही आणि त्याचा तो फायदा घेणं होतं. पण ज्यावरून हा नियम कडक झाला ती गोष्ट हरवलेल्या मुलाची होती. एका उत्सवात चारेक वर्षांचा मुलगा सापडला. एका उत्साही स्वयंसेवकाने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. खाली मुलाचं नाव, कपड्यांचा रंग आणि स्वतःचा नंबर. अर्ध्या तासात मुलाची आजी ध्वनिक्षेपकावरची सूचना ऐकून धावत आली आणि मूल घरी गेलं. फोटो मात्र फिरत राहिला. दुसऱ्या वर्षीही त्या नंबरवर कुठून कुठून फोन येत होते आणि सुखरूप घरी असलेला पोरगा लोकांच्या फोनमध्ये हरवलेलाच होता.

आता पद्धत ठरलेली आहे. मूल सापडलं की ज्या जागी सापडलं तिथेच एक बाई आणि आणखी एक जण त्याच्यासोबत थांबतात, कारण आईबाप आधी मागे वळून तिथेच येतात. तिसरा धावत सूचना केंद्रावर जातो. माइकवरून मुलाचं नाव पुकारत नाहीत. ‘एक मूल सापडले आहे, घरच्यांनी सूचना केंद्रावर यावे’ एवढंच सांगतात आणि नाव, कपडे, खूण हे येणाऱ्याने सांगायचं असतं. पाचेक मिनिटांत कोणी आलं नाही तर मुलाला केंद्रात आणतात आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना कळवतात. पोलिस जवळ नसतील तर 112 आहे, मुलांसाठी 1098 आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. ही तरतूद वर्तमानपत्रांपुरतीच आहे असं पोरांना वाटायचं.

तक्रारींचा भाग सगळ्यात शेवटी आला आणि तो अजूनही बदलतो आहे. सुरुवातीला तक्रार आली की तिथल्या तिथे पंचायत भरायची. तक्रार करणारा, ज्याच्यावर आहे तो, त्याचे दोन मित्र आणि मजा बघणारे वीस जण. आता नियम असा आहे की ज्याच्यावर तक्रार आहे त्याने एकच वाक्य बोलायचं, “मी आमच्या प्रमुखांना बोलावतो.” खुलासा करायचा नाही, माफीही लगेच मागायची नाही, कारण घाईची माफी समोरच्याला टाळाटाळ वाटते. प्रमुखाने माणसाला रांगेतून बाजूला घ्यायचं, बसवायचं, पाणी द्यायचं आणि मधे न बोलता सगळं ऐकायचं. मग वहीत चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, नेमकं कुठे, काय झालं, त्यांना काय हवं आहे. लिहिलेलं वाचून दाखवायचं. रांगेतली जागा गेली असेल तर ती परत द्यायची. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला तेवढ्यापुरतं त्या जागेवरून हलवायचं. चूक कोणाची ते नंतर.

एका उत्सवात दुपारी एक बाई तणतणत आल्या. “माह्या सासूले ढकललं तुमच्या पोरानं. पडली असती म्हातारी.” ज्या मुलावर बोट होतं तो गटातला सगळ्यात शांत. त्याचे मित्र लगेच म्हणाले, हा ढकलणारच नाही. प्रमुख ताईंनी मित्रांना पांगवलं, सासूबाईंना खुर्ची दिली, मुलाला पाण्याच्या टाकीवर पाठवलं आणि वही उघडली. वेळ लिहिली, जागा लिहिली: उजवीकडची रांग वळते तिथे, दुसऱ्या बल्लीजवळ. आणि मग त्यांची नजर वरच्या दोन नोंदींवर गेली. सकाळपासून आलेल्या आणखी दोन तक्रारी त्याच बल्लीजवळच्या होत्या. एकीत साडी अडकून फाटली होती, दुसरीत कोणी तरी पायावर पाय दिला होता. त्या वेळी तिथे वेगवेगळी पोरं उभी होती.

ताई तिथे जाऊन बघून आल्या. मधे कोणी तरी टेम्पो आत घेण्यासाठी एक बल्ली उपटून आतल्या बाजूला रोवली होती. दोन माणसांच्या रांगेला वळणावर एकाचीच जागा उरली होती, आणि खाली नालीच्या झाकणाची कड वर आलेली होती. तिथे पाय अडखळला की माणूस पुढे झुकायचा आणि सावरायला गेलेला स्वयंसेवकाचा हात पाठीवर पडायचा. बल्ली हलवली, कडेवर माती टाकली, तिथे ‘खाली बघा’ सांगायला एक मुलगी उभी केली. त्या जागेवरून मग नोंद आली नाही. सासूबाईंना मात्र ताईंनी बल्लीचं कारण सांगितलं नाही. “आमच्या मुलाचा हात लागला, आजी. चुकलं,” एवढंच म्हणाल्या आणि बाजूच्या दाराने त्यांना दर्शनाला नेलं.

वही कुठे थांबते हेही कागदावर लिहिलेलं आहे. चोरी, मारहाण, बाईची छेड, मुलाशी गैरवर्तन, मोठी इजा यात गटाने समेट घडवायचा नाही. ‘उत्सवाला गालबोट लागेल’ असं म्हणत एखाद्या बाईला गप्प बसवणारा कोणी भेटतोच, कधी तो आयोजकांपैकी वजनदार माणूसही असतो. अशा वेळी प्रमुखाने त्याची परवानगी न मागता पोलिसांना बोलवायचं आणि पोलिस येईपर्यंत गटातल्या एका बाईने त्या बाईजवळ बसून राहायचं.

नियम मोडणाऱ्याचं काय करायचं, यावर बराच काथ्याकूट झाला. पगार नाही, त्यामुळे कापायला काही नाही. कोणी सुचवलं, त्याला भांडी घासायला बसवा. भांड्यांवरच्या बायकांनीच हे हाणून पाडलं. “आमी काय शिक्षा भोगतो का इथं?” त्यांच्या या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग ठरलं की मोडणाऱ्याचा बिल्ला त्या दिवसापुरता जमा करायचा. तो भाविक म्हणून थांबू शकतो, जेवू शकतो, दुसऱ्या दिवशी बिल्ला परत मागू शकतो. बहुतेक जण परत येतात. काही येत नाहीत. रात्री बारानंतरच्या तक्रारी सगळ्यात जास्त असतात हे वहीत दिसल्यावर पाळी चार तासांची केली. त्यानेही थोडाच फरक पडला, कारण रात्रीला माणसंच कमी मिळतात आणि तीच तीच पोरं दोन पाळ्या ओढतात.

उत्सव उरकला की आठवड्याभरात बैठक होते आणि वही पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली जाते. अलीकडच्या बैठकीत वाद झाला तो क्यूआर कोडवरून. सुट्टे नसलेला भाविक आता स्वयंसेवकालाच विचारतो, “फोन पे करू का तुमाले?” पोराचा फोन पिशवीत असतो, म्हणून तो धोका टळला. पण देणगीच्या टेबलावरच्या कोडवर कोणी दुसराच कागद चिकटवला तर? किराणावाल्याने सांगितलं की दुकानात तो रोज सकाळी स्वतः एक रुपया पाठवून नाव कोणाचं येतं ते बघतो. ते कागदावर चढलं: दर पाळीला एक रुपया पाठवायचा, पडद्यावर संस्थेचंच नाव येतं ना ते पाहायचं आणि वहीत टिक करायची. पण तपासणाऱ्याला फोन लागणार, तो पिशवीतून काढून कोणाला द्यायचा आणि तो रुपया कोणाच्या खिशातून जायचा, यावर बैठक पुन्हा अडली. वाहककाका म्हणाले, रुपया माझा, फोनही माझा, पण मला टेबलावरून उठवू नका.

कोड देणगीच्या टेबलावर असतो, हे मग त्यांना कोणी तरी सांगितलं.